चौदाचा गॅलन, सतराचा गॅलन

खेमसिंग राठोड पाणी कानाने तपासतात, हे मी सांगितलं तर आमच्या दारव्ह्याच्या कॉलेजातले प्राध्यापक हसतात. हसोत बापडे. मी तिथल्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. बावीस वर्षं ब्युरेटा, म्हणजे थेंब मोजायच्या काचेच्या नळ्या, धुतोय, आणि माझ्या डोळ्यांसमोर त्या माणसाने नुसती बाटली हलवून पाण्यात किती चुना आहे ते सांगितलेलं आहे. कोणाला पटवत बसायची मला सवय नाही. प्रयोगशाळेच्या खिडकीत बसून कडुनिंबाकडे बघत राहणं मला जास्त आवडतं, आणि आमचे प्राचार्य त्याला आळस म्हणतात.

खेमसिंगभाऊंची पद्धत अशी. एका बुचाच्या बाटलीत मापून पाणी घ्यायचं. पांढरा साबण स्पिरिटमध्ये विरघळवून ठेवलेला असतो, त्याचं एक माप त्यात टाकायचं, बूच लावायचं आणि बाटली कानाजवळ धरून हलवायची. पाणी जड असेल तर ते काचेवर आपटल्याचा टणक आवाज येतो आणि वर फेस राहत नाही, नुसता चोथा तरंगतो. मग दुसरं माप, तिसरं माप. टाकता टाकता एका मापाला आवाज एकदम मऊ होतो. बाटली आडवी ठेवली तर फेस पाच मिनिटं हलत नाही. तिथे मोजणी थांबली. जितकी मापं, तितके ग्रेन. ग्रेन म्हणजे एका गॅलन पाण्यात किती चुना, ते मोजायचं जुनं वजन.

"आवाज झोपते," असं ते म्हणत. "पाणी झोपलं का समजायचं, पोट भरलं त्याचं."

मला हे वाक्य फार आवडायचं. मी स्वतः दुपारी जेवणानंतर तसाच झोपतो.

ही विद्या त्यांनी वणीकडच्या एका खाणीत मिळवली. दारव्ह्याजवळच्या बंजारा तांड्यातून ते विसाव्या वर्षी तिकडे गेले ते कोळसा उचलायला. पण खाणीच्या बॉयलरवर पाणी तपासणारा म्हातारा एक दिवस आजारी पडला आणि हा पोरगा बाटली धरायला उभा राहिला, तो चौतीस वर्षं तिथून हलला नाही. बॉयलर विलायती होता. कुठल्याशा जुन्या गिरणीतून सेकंडहँड आलेला. त्याच्यासोबत साबणाचं खोकं आणि एक काळ्या पुठ्ठ्याचं इंग्रजी पुस्तकही आलं होतं. खेमसिंगभाऊंना इंग्रजी येत नव्हतं, पण पुस्तकातले आकडे येत होते. फोरमनने एक ओळ बोटाने दाखवून सांगितलं होतं, की ग्रेन आले म्हणजे चौदा पॉइंट तीनने गुण, पीपीएम निघतात. पीपीएम म्हणजे दर लिटरला किती मिलिग्रॅम. खेमसिंगभाऊंनी ती ओळ पाठ केली आणि चौतीस वर्षं तिच्यावर बॉयलर चालवला. त्यांच्या पाळीत एकही नळी क्षाराने बुजली नाही. निवृत्तीला खाणीने शाल दिली, ती त्यांनी एकदाही अंगावर घेतली नाही. पण चौदा पॉइंट तीन मात्र अंगावरून कधी उतरवलं नाही.

आता जया. ही त्यांच्या धाकट्या भावाची पोरगी, आणि माझी जुनी विद्यार्थिनी. शिकली, आणि नोकरीमागे न धावता तांड्याच्या कडेला टिनाचं शेड टाकून तिने रेशमाचा धागा काढायचं काम सुरू केलं. आसपासच्या शेतांत लोक तुती लावतात, कोष विकतात. ते कोष गरम पाण्यात शिजवून त्यातून धागा सोडवायचा आणि चरख्यावर गुंडाळायचा. तांड्यातल्या सात बाया कामाला होत्या, आणि त्या सातांत पहिली होती खेमसिंगभाऊंची बायको, बिजलीबाई.

बिजलीबाईला सगळा तांडा याडी म्हणतो. याडी म्हणजे आई. तिचे हात तुम्ही बघायला हवे होते. पासष्टीची बाई, पण बोटं अशी की जणू त्यांना वेगळे डोळे आहेत. तरुणपणी तिने भरतकाम केलेल्या ओढण्या अजून तांड्यातल्या लग्नांत मिरवतात. कढईतल्या गरम पाण्यात शंभर कोष तरंगत असले तरी नेमक्या टोकाचा तंतू तिला न बघता सापडतो, आणि बाकीच्या बाया आठ-दहा कोषांचा जाड धागा काढतात तिथे ही सहा कोषांचा काढते. मी पहिल्यांदा त्या शेडमध्ये गेलो तेव्हा हिवाळा होता. वाफ टिनाखाली अडकली होती, उन्हाच्या तिरिपा तिच्यात उभ्या होत्या, आणि पाण्यातून वर जाणारा धागा दिसतच नव्हता. नुसता चरखा आपोआप पांढरा होत होता. मी किती वेळ बघत उभा होतो कोण जाणे. घरी गेल्यावर बायकोने विचारलं तेव्हा मला सांगता आलं नाही की मी काय पाहून आलो.

पण बोअरचं पाणी जड. आमच्या भागात ते जडच असतं, पातेल्याच्या तळाला पांढरा थर बसतो. अशा पाण्यात कोष नीट सुटत नाही, धागा खरखरीत होतो, मध्येच तुटतो. म्हणून जयाने सॉफ्टनर घ्यायचं ठरवलं. त्याची रचना सोपी. एका उभ्या टाकीत रेझिनचे बारीक मणी असतात. जड पाणी त्यांतून गेलं की मणी त्यातला चुना धरून ठेवतात आणि हलकं पाणी बाहेर येतं. मण्यांची जागा भरली की ते काही धरत नाहीत. मग मिठाचं दाट पाणी सोडायचं, चुना सुटून वाहून जातो, मणी पुन्हा रिकामे. सगळा प्रश्न एवढाच, की किती पाणी गेल्यावर मीठ द्यायचं. ते तुमच्या पाण्याच्या जडपणावर ठरतं. नागपूरच्या कंपनीच्या फॉर्मवर तो जडपणा पीपीएममध्ये भरायचा होता.

जयाने ऑनलाइन एक अमेरिकन तपासणी किट मागवलं होतं. नळीत पाणी घ्यायचं, थेंब टाकत जायचं, लालचं निळं झालं की थांबायचं. एक थेंब म्हणजे एक ग्रेन. त्या दिवशी मीही शेडमध्ये होतो. रविवार होता, बिजलीबाईने दिलेला चहा पोटात होता, आणि मी पोत्यावर रेलून वाफ बघत होतो. जयाने थेंब मोजले. अठ्ठावीस.

"अठ्ठावीस ग्रेन," ती म्हणाली. "काका, आता पीपीएम करायचे. मोबाईल सांगून राह्यला का सतरा पॉइंट एकनं गुणा."

खेमसिंगभाऊ हसले. "मोबाईलनं कधी बॉयलर चालवला काय? चौदा पॉइंट तीन. लिही, चारशे."

"पण काका, या किटच्या कागदावरबी सतराच लिवलं हाय."

"अवं, थे विकणारे हायत. जास्त आकडा दाखवला का मोठी टाकी खपते. चौतीस वर्षं म्या चौदानं गुणलं, एक नळी जाम झाली नाई. तुले काका पाह्यजे का कागद?"

जयाने माझ्याकडे पाहिलं. मी तिचा सर. मी काही बोललो का? नाही बोललो. आमच्या प्रयोगशाळेत गॅलन कोणी वापरत नाही, आम्ही थेट लिटरात मोजतो, त्यामुळे दोन्ही आकड्यांतला कुठला खरा हे मला तिथल्या तिथे ठाऊक नव्हतं. पण विचारता आलं असतं. कागद हातात घेऊन बघता आला असता. मला वाटलं, एवढा जाणता माणूस सांगतोय, आपण कशाला नाक खुपसा. आणि खरं सांगायचं तर ऊन छान पडलं होतं. जयाने चारशे लिहिले.

हिशेब सरळ निघाला. चाळीस लिटर मणी, लिटरमागे पन्नास ग्रॅम चुना धरणार, म्हणजे एकूण दोन हजार ग्रॅम. पाण्यात दर लिटरला चारशे मिलिग्रॅम. म्हणजे पाच हजार लिटर पाणी निघेल. शेडला रोज अडीच हजार लागतं. दोन दिवस पुरेल, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काम सुटलं की मीठ. सॉफ्टनर आला, बसला, आणि मीठ द्यायचं काम खेमसिंगभाऊंनी मागून घेतलं.

मिठाचं पोतं खांद्यावर घेताना त्यांचा चेहरा वेगळाच व्हायचा. त्यांच्या पणज्याच्या काळी तांडे बैलांच्या पाठीवर मीठ लादून दूरदूर जायचे. "आमच्या आंगात मीठ हाय, नयनभाऊ," ते म्हणाले होते. "आजा सांगत होता, बैलं झोपेत चालत, अन् माणसंबी झोपेत चालत, पण गोणी कोनाची पडत नव्हती." मला तो झोपेत चालणारा तांडा पुढे कितीदा दिसला, चांदण्यातून जाणारा, घुंगरांचा. मी तसा माणूस आहे. पण ते असो.

पहिल्या दिवशी धागा असा निघाला की जया नाचायची बाकी होती. रोज सकाळी आठला खेमसिंगभाऊ सॉफ्टनरच्या तोटीचं पाणी नळीत घेत आणि एक थेंब टाकत. पहिल्याच थेंबाला निळं. म्हणजे पाणी हलकं. खाणीतही नमुना आठच्या भोंग्यालाच घ्यायचा असे, तीच सवय. मग ते समाधानाने जाऊन शेवग्याच्या झाडाखाली बसत.

त्यानंतर धागा तुटू लागला. रोज नाही. एक दिवसाआड, आणि तोही दुपारी. अडीच वाजून गेले की बिजलीबाईचा धागा तुटायचा. जोडला की पुन्हा तुटायचा. इतरांचाही एखाददुसरा तुटे, पण त्यांचा जाड, तो निभावून जायचा. हिचा सहा कोषांचा, त्यामुळे हिच्याच कढईवर सगळ्यांचे डोळे जायचे. कोषांचा लॉट वाईट असेल म्हणून लॉट बदलला. वाफ कमी पडत असेल म्हणून आच वाढवली. शेवटी सोनूने, म्हणजे बिजलीबाईच्या नातसुनेने, मायेनेच म्हटलं, "याडी, दुपारून थकता तुमी. आता वय झालं ना."

त्या दिवसापासून बिजलीबाई दुपारच्या वेळी स्वतःच्या बोटांकडे बघू लागली. जयाने मला नंतर सांगितलं की ती घरी तांदळात मोहऱ्या मिसळून निवडत बसायची, बोटं अजून चालतात का बघायला. बोटं चालत होती. पण शेडमध्ये दर दुसऱ्या दिवशी दुपारी ती हरायची, आणि माणूस रोज हरला तर सोसतो, असा लपूनछपून हरला तर स्वतःवरून विश्वास उडतो.

तीन आठवडे असं चाललं. मग एका दुपारी तिने चरखा थांबवला, पदराला हात पुसले आणि सोनूला म्हणाली, "बस इथं. ही कढई आता तुही." आणि ती घरी गेली. उरलेल्या सहा जणी मान खाली घालून धागा काढत राहिल्या.

खेमसिंगभाऊ तेव्हा टाकीपाशी होते. त्या संध्याकाळी द्यायचं मिठाचं पोतं त्यांनी आत आणून ठेवलं होतं. हात मिठाने चरचरत होते म्हणून ते तोटीवर गेले, वडी घेतली आणि हात घासले. साबण फेसाळला नाही. हातावर चोथा आला. पाणी सॉफ्टनरचंच होतं, सकाळी ज्या पाण्यात साबण हातावरून निघता निघत नव्हता तेच. ते तसेच ओले हात धरून उभे राहिले. मग दुसऱ्यांदा घासून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्याकडे आले. हातात बोअरच्या पाण्याची बाटली, पिशवीत ती जुनी बुचाची काच.

"नयनभाऊ, मले एकशे त्रेचाळीस पीपीएमचं पाणी करून द्या. अन् चांगलं स्पिरिट."

मला कळलं. एकशे त्रेचाळीस म्हणजे त्यांच्या हिशेबाने बरोब्बर दहा ग्रेन. त्या पाण्यावर ते आपला साबण लावून घेणार होते, दहा मापांना आवाज झोपेल असा. मी कॅल्शियम मोजून पाणी करून दिलं. त्यांनी साबण विरघळवला, पातळ केला, पुन्हा केला. अकरा वाजून गेले. वर्गातली पोरं कुतूहलाने डोकावून गेली. शेवटी दहाव्या मापाला बाटली गप्प झाली आणि ते हसले, खूप दिवसांनी भेटलेल्या माणसाला बघून हसावं तसं.

मग बोअरचं पाणी. अर्धं पाणी आणि अर्धं डिस्टिल्ड, कारण एवढं जड पाणी नुसतं घेतलं तर बाटली साबणानेच भरते. एक माप, दोन, पाच, दहा. ते डोळे मिटून हलवत होते. आवाज टणकच. चौदाव्या मापाला मी त्यांच्याकडे पाहिलं. अठ्ठावीसच्या निम्मे चौदा. इथे थांबायला हवं होतं. नाही थांबलं. पंधरा. सोळा. पावणेसतराला आवाज मऊ झाला. आम्ही दोघं पाच मिनिटं त्या फेसाकडे बघत बसलो. तो हलला नाही.

"साडेतेहेतीस," ते म्हणाले. "किट म्हणते अठ्ठावीस. माहा कान गेला, नयनभाऊ."

मी पाटीवर खडूने गुणाकार केला. साडेतेहेतीस गुणिले चौदा पॉइंट तीन, चारशे एकोणऐंशी. मग त्याच्या शेजारी, कोण जाणे कुठून सुचलं, अठ्ठावीस गुणिले सतरा पॉइंट एक. चारशे एकोणऐंशी, दशांशाचा फरक सोडला तर. मी दोन्हींकडे बघत राहिलो. मग माझ्या ब्युरेटनेही करून पाहिलं, आकडा चारशे ऐंशीच्या आसपासच आला. पाणी एकच होतं. तिघांनी आपापल्या भाषेत एकच सांगितलं होतं.

कपाटातून मोजमापांची जुनी तक्तावही काढली आणि त्यांना दाखवली. इंग्रजांचा गॅलन साडेचार लिटरचा. अमेरिकेचा गॅलन पावणेचार लिटरचा. ग्रेन दोन्हीकडे तोच. तेवढाच चुना लहान भांड्यात टाकला तर पाणी दाट होणार, म्हणून अमेरिकेच्या ग्रेनला सतराने गुणायचं, आणि इंग्रजांच्या ग्रेनला चौदाने. त्यांचं काळं पुस्तक विलायतेचं. जयाचं किट अमेरिकेचं.

"कान शाबूत आहे भाऊ," मी म्हणालो. "बाटलीही बरोबर, किटही बरोबर. चुकलं ते एवढंच, की त्यांच्या गॅलनातले थेंब तुम्ही तुमच्या गॅलनाने गुणले."

ते स्वतःशीच हिशेब करू लागले, बोटांवर. दोन हजार ग्रॅम, चारशे एकोणऐंशीने. सव्वाचार हजारांच्याही थोडं आत. पहिल्या दिवशी अडीच हजार गेले. दुसऱ्या दिवशीला उरले पावणेसतराशेच्या आत. नऊला काम सुरू, तासाला तीनशेच्या वर पाणी.

"दोन वाजून वीस मिंटं," ते म्हणाले. "त्याच्यानंतर मणी भरले. त्याच्यानंतर ती जड पाण्यात धागा काढून राह्यली होती."

"अन् सकाळी आठच्या नमुन्याला ते कधी दिसलंच नसतं."

"नाई दिसलं."

मी त्यांना मोटरसायकलवर तांड्यात घेऊन गेलो. वाटेत त्यांनी एकदाच विचारलं, "तुमी होते ना त्या दिवशी?" मी म्हटलं, होतो. मग रस्ताभर मला फार लाज वाटली.

बिजलीबाई दारात बसून शेंगा फोडत होती. खेमसिंगभाऊंनी तिथेच घरी सांगितलं असतं तर सोपं गेलं असतं. त्यांनी तसं केलं नाही. तिला शेडमध्ये चल म्हणाले, सगळ्या बायांना चरखे थांबवायला लावले, आणि उभं राहून सांगितलं. घरात ते गोर बोलीत, म्हणजे बंजाऱ्यांच्या भाषेत, बोलतात, तिथेही तसंच बोलले. मला ती जेमतेम कळते, म्हणून आमच्या वऱ्हाडीत सांगतो.

"धागा हिच्या हातानं नाई तुटला. पाण्यानं तुटला. अन् पाणी माह्या गुणाकारानं बिघडलं. जयानं सतरा सांगतलं होतं, म्या चौदा लिवायले लावलं. मीठ पाच हजारावर देत होतो, द्यायले पाह्यजे होतं चार हजाराच्या आत."

शेडमध्ये फक्त कढयांचं पाणी उकळत होतं. जया जमिनीकडे बघत होती. सोनूच्या डोळ्यांत पाणी आलं.

बिजलीबाईने विचारलं, "जयानं सतरा कधी सांगतलं?"

"पह्यल्याच दिवशी."

"अन् धागा तुटाले लागला तवा तुमाले आठवलं नाई?"

इथे खेमसिंगभाऊ खोटं बोलू शकले असते. कोणाला कळणार होतं? मलाही नाही. पण त्यांनी सांगितलं.

"आठवलं. तिसऱ्या खेपेला तुटला तवा ते सतरा एकदा डोक्यात आलं. मंग वाटलं, चौतीस वर्षांचा आकडा कसा चुकन. त्याच्यापेक्षा तुहे हात थकले, हे मानणं मले सोपं गेलं."

मी तिथे पाहुणा, मला निघून जावंसं वाटलं. बिजलीबाईने माझ्याकडे पाहिलं. "अन् सर, तुमी तं चहा पीत होते तिथंच," ती म्हणाली. मी मान हलवली.

जेवणाची सुट्टी झाली होती. खेमसिंगभाऊंनी मीठ घोळलं, मणी धुतले, आणि आम्ही तासाभरात टाकी पुन्हा चालू केली. जयाने पाण्याच्या मीटरखाली पाटी लावली, रोज संध्याकाळी काम सुटलं की मीठ, आणि फॉर्मवरचे चारशे खोडून चारशे ऐंशी लिहिले. सोनू आपसूक कढईवरून उठली. बिजलीबाई बसली. तिने नवऱ्याकडे पाहिलं नाही.

त्या दिवशी धागा तुटणं शक्यच नव्हतं, मणी आत्ताच धुतलेले. हे तिलाही माहीत होतं. म्हणून त्या दिवसावरून तिने काही ठरवलं नाही. ती थांबली, दुसरा दिवस गेला, तिसरा आला. मी रजा टाकून गेलो. प्राचार्यांना काय सांगितलं ते विचारू नका. मीठ आदल्या संध्याकाळीच दिलेलं होतं. अडीच वाजले, तीन वाजले. वाफेत ती सहा कोष धरून बसली होती, आणि तो न दिसणारा धागा वर जात होता. मला पुन्हा तसंच झालं, कुठे आहोत ते कळेना. साडेतीनला तिने एक कोष काढून टाकला. पाच कोष. एवढा बारीक धागा तिने आजवर काढला नव्हता, कोणीच काढला नव्हता. जया श्वास रोखून उभी राहिली. तो पाच वाजेपर्यंत तुटला नाही.

चरखा थांबला. खेमसिंगभाऊ दाराच्या चौकटीला टेकून दोन वाजल्यापासून उभे होते. त्यांच्या हातात तपासणीची नळी आणि थेंबांची बाटली होती. दोन वाजता एक, तीन वाजता एक, चार वाजता एक, त्यांनी प्रत्येक तासाचा नमुना घेतला होता. बिजलीबाई उठली, त्यांच्यापाशी आली, आणि त्यांच्या हातातून नळी आणि बाटली दोन्ही काढून घेतल्या.

"उद्यापासून पाणी मी पाह्यन," ती म्हणाली. "दुपारचंबी."

"तुले मोजता येते काय?" त्यांनी विचारलं. मोठेपणाने नाही, खरंच काळजीने.

"तुमच्या भरोशावर म्या माहे हात गमावून बसली होती," ती म्हणाली. "मोजणं तं शिकूनच घेईन."

त्यांनी मान हलवली. मग तिथेच, बायांसमोर, पहिला थेंब कसा टाकायचा ते तिला दाखवू लागले, आणि सतराने गुणायचं, हेही आधी स्वतःच्या तोंडाने सांगितलं.